आईला पत्र: हॉस्टेलला आल्यापासून भूक मेली असेल, पोट बिघडलं असेल तर नेमकं काय लिहावं

रात्री साडेआठच्या सुमारास सोलापुरातल्या कुठल्याही हॉस्टेलच्या गॅलरीत उभं राहिलं, तर एकच बोलणं कानावर येतं. तिकडून आई विचारते, "जेवलीस का?" इकडून उत्तर जातं, "हो, जेवले." त्या "हो"मध्ये कधी अर्धी पोळी असते, कधी दोन चमचे भात असतो, कधी नुसता चहा आणि खारी. आईला एवढंच कळतं की लेक जेवली. मग दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी पोहोचते आणि दारातच आईच्या तोंडून निघतं, "अगं, काय ही दशा झाली तुझी!"

माझा दवाखाना सोलापुरात, विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांच्या जवळ आहे. कॉलेज सुरू झालं की महिना-दीड महिन्याने ही मुलं-मुली यायला लागतात. बहुतेकांची तक्रार एकच असते: भूक लागत नाही, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, संध्याकाळी फुगतं, कुठेतरी जड-जड दुखतं. तपासून झाल्यावर मी विचारते, "घरी सांगितलंस?" उत्तर ठरलेलं असतं: "नाही मॅडम, उगाच काळजी करतील." घरी न सांगितल्यामुळे माझंही काम अडतं. लहानपणी काय झालं होतं, घरात कुणाला कसला आजार आहे, निघताना बॅगेत कुठल्या गोळ्या दिल्या होत्या, हे सगळं आईकडे असतं. मुलीला त्यातलं निम्मंही आठवत नाही.

म्हणून मी त्यांना पत्र लिहायला सांगते. फोनवर आई मधेच घाबरते, प्रश्न विचारते, आणि मुलगी लगेच "काही नाही गं, बरं आहे" म्हणून विषय संपवते. कागदावर तसं होत नाही. वहीच्या पानावर लिहावं, फोटो काढून पाठवावा, आणि पान स्वतःकडे ठेवावं. तेच पान पुढे डॉक्टरांनाही दाखवता येतं. असं पत्र कसं लिहायचं, ते मी एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मुलगी रत्नागिरीकडच्या एका गावातली, अठरा वर्षांची, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरला शिकायला आली.

पत्राआधी एक गोष्ट तपासा

काही त्रास असे असतात की त्यांच्यासाठी पत्र लिहीत बसायचं नसतं. शौचातून रक्त जातंय, उलट्या थांबत नाहीत किंवा उलटीत रक्त आहे, ताप आहे, डोळे पिवळे दिसताहेत, बेंबीच्या उजवीकडे खाली दुखणं येऊन बसलंय आणि चालताना किंवा खोकताना वाढतंय, गिळताना अन्न अडकतंय, किंवा दुखण्यामुळे रात्री झोपेतून जाग येते आहे. यातलं एकही असेल तर रेक्टरना सांगा, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आईला फोन करा. खूपच त्रास असेल तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते. पाळी चुकली असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचंच, कितीही अवघड वाटलं तरी.

वजनाचंही तसंच. मुद्दाम प्रयत्न न करता महिन्या-दोन महिन्यांत वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे ५० किलोच्या मुलीचं अडीच किलो उतरलं, तर वाट बघू नका. आणि एक प्रश्न स्वतःलाच, खरेपणाने विचारा: भूक लागत नाही, की लागलेली भूक मी मुद्दाम मारते आहे? वजन वाढेल या भीतीने जेवण टाळत असाल तर तो वेगळा आजार आहे. त्याचीही मदत मिळते, पण ती मागताना खरं कारण सांगावं लागतं.

आठवडाभर वही

आता मुख्य काम. पत्र लिहायच्या आधी सात दिवस एका लहान वहीत नोंद करायची. "भूक नाही" या दोन शब्दांत आईला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. "पूर्वी दोन भाकऱ्या खायचे, आता अर्धी" असं म्हटलं की दोघींनाही दिसतं.

नोंदीत सहा गोष्टी पुरतात: काय आणि किती खाल्लं, किती वाजता, पाणी किती, चहा किती वेळा, शौचाला झालं का आणि कसं, दुखलं असेल तर कुठे, कधी, किती वेळ. शेजारी त्या दिवसाबद्दल चार शब्द: परीक्षा होती, पाळी सुरू झाली, रात्री दोनपर्यंत जागरण, घरची आठवण येऊन रडू आलं. खाणं पोळी, वाटी, चमचा अशा मापात लिहा. मेसच्या वाटीचं माप घरच्या वाटीपेक्षा वेगळं असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

त्या मुलीच्या वहीतला एक मंगळवार असा होता:

> ७.१० — चहा, दोन खारी. रक्तवाढीची गोळी.
> १.३० — मेस. एक पोळी, बटाट्याची भाजी दोन घास (तिखट), भात तीन चमचे. पोट गच्च.
> ५.०० — चहा, चार बिस्किटं.
> ८.१५ — अर्धी भाकरी, शेंगा चटणी. भाजीवर तेल खूप, घेतली नाही.
> पाणी — बाटली एक लिटरची, संपली नाही.
> शौच — नाही. शेवटचं रविवारी, कडक, काळपट.
> दुखणं — संध्याकाळी सहाला बेंबीच्या वर जड. झोपल्यावर नाही.

हे पान मी शांतपणे पाहिलं आणि निम्मी गोष्ट मला तिथेच कळली. तिला स्वतःला ती दिसली नव्हती. तिचं सगळं लक्ष मेसच्या तिखटावर होतं.

तिचं तिखटाबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं. मऊ भात, पेज, खोबऱ्याचं वाटण अशा जेवणावर वाढलेली मुलगी आमच्याकडे आली की तिच्यापुढे ज्वारीची भाकरी, काळ्या तिखटाचा रस्सा आणि शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी येते. तेल आणि तिखट जास्त झालं की जठर हळू रिकामं होतं, जळजळतं, आणि पुढच्या जेवणाच्या वेळी पोट भरल्यासारखंच वाटतं. पण याची सवय साधारण दोन-तीन आठवड्यांत होते. सहा-सात आठवड्यांनंतरही त्रास वाढतच असेल तर दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

ते दुसरं काही वहीच्या शेवटच्या ओळींत होतं. तीन-तीन दिवस शौचाला होत नव्हतं. मोठं आतडं भरलेलं राहिलं की वरचं जठरही संथ होतं. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, भूक मरते. कितीतरी मुलींना "ॲसिडिटी" झालीय असं वाटतं, आणि मुळात बद्धकोष्ठ असतं. त्याचं कारण विचारलं तेव्हा ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "मजल्यावर बावीस मुली आणि चार संडास आहेत. सकाळी रांग असते. बाहेर कुणी कडी वाजवली की मला होतच नाही." मग ती कॉलेजला निघून जायची, आणि तिथली स्वच्छतागृहं नकोशी म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायची. शिवाय आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बऱ्याच हॉस्टेलांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरतात, आणि कोकणातून आलेल्या जिभेला ते जड, खारट लागतं. त्यामुळेही घोट कमी होतात.

पाण्याबद्दल इथेच एक सांगते. भूक कमी होण्यासोबत पातळ, दुर्गंधीचं, तेलकट शौच होत असेल, पोटात गुडगुड असेल आणि हे आठवडाभराहून जास्त चाललं असेल, तर टाकीच्या पाण्यातून जंतू गेल्याची शक्यता असते. जिआर्डिया नावाचा जंतू असाच आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, आणि एकदा शौचाची तपासणी करून तो सापडेलच असं नाही. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावे लागू शकतात. एकाच मजल्यावरच्या चार-पाच जणींना एकदम त्रास झाला असेल तर ती बाब पत्रात तर लिहाच, रेक्टरनाही लेखी द्या. फिल्टर बंद असेल तर पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळलेलं हवं.

गोळ्यांची यादी

ही पायरी मुलं नेहमी विसरतात. पोटात जाणारी प्रत्येक गोळी, पूड, काढा लिहून काढा. घरून दिलेलं "औषध नाही, ताकदीचं आहे" तेही. मेडिकलमधून आणलेली गॅसची गोळी, पाळीत घेतलेली दुखण्याची गोळी, मैत्रिणीने दिलेली गोळी, सगळं. पाकीट असेल तर त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवा.

या मुलीच्या यादीत दोन गोष्टी निघाल्या. पहिली रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी. जूनमध्ये गावच्या डॉक्टरांनी सुरू केली होती आणि आईने निघताना तीन महिन्यांची बॅगेत घातली होती. लोहाच्या गोळीने बऱ्याच जणींना बद्धकोष्ठ होतं, मळमळतं, तोंडाची चव जाते, आणि शौचाचा रंग काळपट होतो. घरी आईच्या हातचं खाणं, पेज, फळं, वेळेवर संडास, यामुळे तिला काही जाणवलं नव्हतं. इथे रांग, कमी पाणी आणि ही गोळी, तिन्ही एकत्र आली. शिवाय ती गोळी चहाबरोबर घ्यायची. चहाने लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, म्हणजे त्रास पदरात आणि फायदा जेमतेम.

काळ्या शौचाबद्दल नीट समजून घ्या. लोहाच्या गोळीने होणारं शौच काळपट-हिरवं, पण घडीव असतं. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच पोटात रक्त गेल्याची खूण असू शकते, आणि त्यात थांबायचं नसतं. फरक ओळखता येत नसेल तर ओळखायचा हट्ट धरू नका, दाखवा.

दुसरी गोष्ट पाळीतल्या दुखण्याची गोळी. ऑगस्टमध्ये दोन दिवस आणि सप्टेंबरमध्ये दोन दिवस, चारही वेळा रिकाम्या पोटी. या गोळ्या जठराच्या अस्तराला लागतात. त्या खाल्ल्यावरच घ्यायच्या असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पत्र लिहिताना

सुरुवात आत्ताच्या स्थितीने करा. आई पहिल्या चार ओळींत एकच शोधते: पोरगी धोक्यात आहे का? ते आधी सांगून टाका. मग पुढचं ती शांतपणे वाचते. "काळजी करू नकोस" एवढंच लिहू नका. त्या वाक्याने कुठलीही आई काळजी सोडत नाही, उलट काहीतरी लपवलंय अशी तिला शंका येते. त्याऐवजी ताप नाही, उलटी नाही, रक्त नाही, वजन इतकं, असं लिहा.

मग कधीपासून आणि कसं वाढत गेलं. त्यानंतर रोजचं खाणं मापासकट. मग जे सांगायला लाज वाटते ते, आणि हा भाग गाळला तर पत्राचा उपयोग निम्मा होतो. संडासाची रांग, पाळी, रडणं, कॅन्टीनला गेलेले पैसे, खोलीतल्या मुलींशी न जमणं. रोजची उदासी दोन आठवड्यांहून जास्त असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही आजाराइतकंच स्पष्ट लिहा. भूक मनाच्या दुखण्यानेही जाते. बोलायला जवळ कुणी नसेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

कारणाचा निकाल मात्र पत्रात लावू नका. "मेसच्या जेवणानेच झालंय" असं लिहिलं की घरी मेस बदलायची चर्चा सुरू होते आणि खरं कारण मागे पडतं. जे पाहिलं तेवढं लिहा.

शेवटी दोन गोष्टी हव्यात: आपण काय करणार आहोत, तारखेसह, आणि आईकडून नेमकं काय हवं. हे सांगितलं नाही तर आई आपल्या मनाने करते. प्रेमाने तीन किलो चिवडा, चकल्या आणि बेसनाचे लाडू एसटीच्या पार्सलने येतात, आणि फुगलेल्या पोटात त्यांचीच भर पडते.

त्या मुलीने लिहिलेलं पत्र असं होतं. दोन-तीन ठिकाणी मी तिला वाक्य सुचवलं, बाकी शब्द तिचे आहेत.

> सोलापूर, २१ सप्टेंबर
>
> प्रिय आई,
>
> हे फोनवर बोलता आलं नाही म्हणून लिहिते. पूर्ण वाचल्याशिवाय फोन करू नकोस. मला ताप नाही, उलटी नाही, शौचातून रक्त नाही, रात्री झोप लागते, कॉलेज चालू आहे. पण साधारण सहा आठवडे झाले, मला भूक लागत नाही आणि पोट बरं नाही. रोज "जेवले" म्हणून सांगते ते पूर्ण खरं नव्हतं.
>
> वजन निघताना ५१ होतं, काल मेडिकलच्या काट्यावर ४९ भरलं.
>
> इथे आल्यावर पहिला आठवडा बरा गेला. मग हळूहळू जेवण नको वाटायला लागलं. सकाळी चहा आणि खारी. दुपारी एक पोळी आणि तीन-चार चमचे भात. रात्री अर्धी भाकरी. दोन घास खाल्ले की पोट भरतं. संध्याकाळी बेंबीच्या वर जड होतं आणि फुगतं. भाजी इथे आपल्यापेक्षा खूप तिखट असते आणि वर तेल तरंगतं. मेसच्या काकू चांगल्या आहेत, त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.
>
> आता जे सांगायचं टाळत होते ते. मला दोन-तीन दिवस शौचाला होत नाही. संडास चार आणि आम्ही बावीस जणी. बाहेर कुणी उभं असलं की मला जमत नाही, म्हणून मी तशीच कॉलेजला जाते. तिथे जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिते. पाण्याची चवही आपल्या विहिरीसारखी नाही. पाळीत दोन्ही महिने खूप दुखलं, तेव्हा गोळी घेतली, उपाशीपोटी घेतली. तू दिलेली रक्तवाढीची गोळी रोज चहाबरोबर घेते आहे. पहिले पंधरा दिवस रात्री रडू यायचं, आता कमी झालंय. रविवारी दुपारी मात्र येतं, तेव्हा सगळ्यांच्या घरचे भेटायला येतात.
>
> शनिवारी इथल्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पोट तपासलं, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट मंगळवारी मिळेल. बुधवारी संध्याकाळी मी तुला रिपोर्ट वाचून दाखवेन.
>
> मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, जूनमध्ये गावी रक्त तपासलं होतं त्या कागदाचा फोटो पाठव. दोन, लहानपणी मला पोटाचा असा त्रास झाला होता का, आणि आपल्या घरात कुणाला थायरॉइड, पोटाचा अल्सर किंवा टीबी होता का, ते आजीला विचारून सांग. तीन, मेतकूट पाठव. भात इथे मिळतो, त्यावर घालून खाता येईल. फराळाचं सध्या काही पाठवू नकोस, खरंच.
>
> आणि बाबांना एवढंच सांग की मी डॉक्टरकडे गेले आहे. बाकी तू ठरव.
>
> मला घरी परत यायचं नाहीये. बरं होऊन इथेच राहायचंय.
>
> तुझी,
> लेक

शेवटची दोन वाक्यं मी सुचवलेली नाहीत. "परत ये" हे आईचं पहिलं उत्तर असणार, हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ते आधीच लिहून ठेवलं. तुम्हाला घरी जावंसं वाटत असेल तर तसं लिहा. दोन्ही चालतं, पण जे खरं आहे तेच लिहा.

वडिलांना लिहिणार असाल तर मजकूर तोच राहील. पाळीबद्दल बाबांना लिहायला जड जात असेल तर "दर महिन्याच्या दुखण्याची गोळी" एवढं पुरतं, पण गोळी यादीतून गाळू नका.

उत्तर आल्यावर

आईने पत्र वाचलं आणि ती रडली, हे साहजिकच होतं. पण त्याच रात्री तिने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या आणि मला त्या फार कामाला आल्या. बालवाडीत घातलं तेव्हा ही मुलगी शाळेच्या संडासात जायची नाही, आणि वर्षभर तिला बद्धकोष्ठ होतं. आजीला थायरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. आणि जूनमध्ये हिमोग्लोबिन ९.८ होतं.

आमच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.१ आलं. तीन महिने गोळी घेऊन एवढीशी वाढ. तिच्या वयाच्या मुलीला ते १२ तरी हवं. आजीचं कळल्यावर थायरॉइडही तपासलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी बद्धकोष्ठ होतं. ते ठीक निघालं. म्हणजे रक्त खरोखर कमी होतं, गोळी हवीच होती, फक्त घेण्याची पद्धत बदलायला हवी होती. मी ती एक दिवसाआड केली आणि जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. चहा गोळीच्या आधी-नंतर दोन तास बंद. तुमच्या बाबतीत मात्र असं काही स्वतःच्या मनाने करू नका. गोळी बंद करायची की बदलायची, हे रक्ताचा आकडा पाहून ठरतं.

संडासाचा प्रश्न आम्ही वेळ बदलून सोडवला. जेवल्यावर आतड्याला हालचालीची चालना मिळते, आणि सकाळच्या नाश्त्यानंतर ती सगळ्यांत जोरात असते. म्हणून तिने पावणेसहाला उठून कोमट पाणी प्यायचं, एक केळं आणि मेसमधले पोहे किंवा उपीट खायचं, आणि रांग लागायच्या आधी जाऊन बसायचं. झालं नाही तरी दहा मिनिटं, जोर न लावता, मोबाइल खोलीत ठेवून. पोहे तेवढ्या लवकर तयार नसायचे, तेव्हा तिने रेक्टर मॅडमशी बोलून आदल्या दिवशीची पोळी ठेवून घ्यायची परवानगी काढली. पाणी दिवसाला दोन बाटल्या, दोन-दोन घोट करत. रात्री इसबगोल दोन चमचे, भरपूर पाण्यात. पाणी कमी घेतलं तर इसबगोलनेच आणखी घट्ट होतं, हे मी तिला दोनदा बजावलं.

मेसच्या काकूंना तिने स्वतः सांगितलं की रस्सा टाकण्याआधी माझी वाटीभर भाजी बाजूला काढा. त्यांनी काढलीही. बऱ्याच मुलींना मागायचा संकोच वाटतो, पण रोज पन्नास ताटं वाढणाऱ्या बाईला एक वाटी बाजूला ठेवणं जड नसतं. पाळीची गोळी खाल्ल्यावरच घ्यायची, हे ठरलं.

पहिल्या पाच दिवसांत काहीच फरक पडला नाही, आणि तिने फोन करून "मॅडम, काही उपयोग नाही" असं सांगितलंही. साधारणपणे असंच होतं. आतडं आठ-दहा दिवस घेतं, भूक त्याच्यामागून येते. दहाव्या दिवसापासून रोज नाही तरी एक दिवसाआड शौचाला व्हायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा "भूक लागली म्हणून चारला मेसमध्ये गेले" असं वाक्य आलं.

तीन-चार आठवडे हे सगळं नीट करूनही फरक नसेल, किंवा वजन उतरतच असेल, तर गोष्ट इथे थांबवायची नाही. तेव्हा शौचाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी अशा पुढच्या पायऱ्या असतात. त्या तपासणीआधी मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर सांगा. ओमेप्राझोल-पँटोप्राझोल जातीच्या गोळ्या चालू असताना जंतू असूनही रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही, त्यामुळे डॉक्टर त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवतात. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, म्हणून संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरतं वजन यांची जोडी कधीच अंगावर काढू नका. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल आहे. जाताना वही आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या.

शेवटचं काम दुसऱ्या पत्राचं. ते लहान असलं तरी चालतं, पण पहिल्यासारख्याच मापात हवं, म्हणजे आईला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतं. तिने पाठवलेली चिठ्ठी मी पाहिली होती:

> आई, १९ ऑक्टोबर. वजन ५०. सकाळी केळं आणि पोहे एक वाटी. दुपारी दोन पोळ्या, भाजी, मेतकूट-भात दीड वाटी. रात्री एक भाकरी, ताक. शौचाला रोज किंवा एक दिवसाआड. संध्याकाळी जड वाटत नाही, जागरण झालं तर थोडं वाटतं. मेतकूट संपत आलंय, दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन. रक्त पुन्हा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तपासायचं आहे, माझ्या लक्षात राहिलं नाही तर तू आठवण कर.